‘हे लिहून देता का?’ : जुन्या गाडीचा डीलर तपासताना

मिरा-भाईंदरच्या कुठल्याही जुन्या गाड्यांच्या दुकानासमोर उभं राहिलं की पाट्यांचीच जत्रा दिसते. ठाण्याची एमएच-०४, बोरिवलीची एमएच-४७, वसईची एमएच-४८, अंधेरीची एमएच-०२, मधूनच वलसाडची जीजे-१५. शहराला एमएच-५८ हा स्वतःचा क्रमांक मिळाला तो २०२५ मध्ये, त्यामुळे इथल्या जुन्या गाड्या जवळजवळ सगळ्याच बाहेरच्या नोंदणीच्या. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला ठाणे, वर वसई-विरार आणि पुढे सरळ गुजरातला जाणारा हायवे. गाडी इथे कुठूनही येऊन उभी राहू शकते, आणि ती कुठे, कशी चालली हे सांगणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे डीलर.

म्हणून गाडीइतकंच डीलरलाही पारखावं लागतं. गाडी पारखायला मेकॅनिक मिळतो. डीलर पारखायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं. त्यासाठी यंत्रांची जाण असण्याची गरज नाही. डीलर तोंडाने काय सांगतो, कागद काय सांगतात आणि त्यातलं किती तो सही-शिक्क्यासकट लिहून द्यायला तयार आहे, एवढं शेजारी शेजारी ठेवून पाहता आलं पाहिजे.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी: ही गाडी तुमची, की कोणी विकायला ठेवलेली? तीन प्रकार असतात. काही गाड्या डीलरने मालकाला पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या असतात. काही ‘पार्क अँड सेल’च्या असतात, म्हणजे मालकाने दुकानात आणून उभ्या केलेल्या आणि विकल्या गेल्या तर डीलरला कमिशन. तिसऱ्या प्रकारात गाडी दुसऱ्याच दुकानात असते आणि हा फक्त फोटो दाखवत असतो. तिन्ही व्यवहार आपापल्या जागी ठीक आहेत. पण पहिल्यात विकणारा म्हणून बिल डीलर देतो आणि उद्या काही निघालं तर जबाबदारही तोच. दुसऱ्यात विकणारा असतो मूळ मालक, आणि डीलर ‘मी फक्त मध्ये होतो’ असं म्हणायला मोकळा. हा प्रश्न विचारल्यावर जो डीलर ‘ही पार्किंगची आहे, मालकाशी गाठ घालून देतो’ असं सरळ सांगतो, त्याच्या बाजूने पहिला गुण टाकायला हरकत नाही.

याला जोडूनच दुसरा प्रश्न: तुमच्याकडे परिवहन खात्याचं प्राधिकारपत्र आहे का? १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी वेगळी तरतूद लागू झाली. डीलरने नमुना २९-अ मध्ये अर्ज करायचा, आरटीओकडून त्याला नमुना २९-ब मध्ये पाच वर्षांचं प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर कोणी मालक आपली गाडी या डीलरच्या ताब्यात देतो तेव्हा त्याची खबर नमुना २९-क मध्ये पोर्टलवरून आरटीओला जाते, आणि त्या क्षणापासून गाडीची जबाबदारी कायद्याने डीलरवर येते. नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, ना-हरकत पत्र, नाव-बदल हे अर्ज तो स्वतः करू शकतो. गाडी रस्त्यावर काढायची ती फक्त गिऱ्हाईकाला चालवून दाखवायला, दुरुस्तीला किंवा तपासणीला, आणि त्या फेऱ्यांची नोंदही ठेवायची. प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर त्यावरचा पत्ता आणि मुदत वाचावी. मग ज्या गाडीवर तुमचा डोळा आहे, त्या गाडीची २९-क ची पोच मागावी. भिंतीवरचा कागद दुकानाचा असतो, पोच त्या एका गाडीची असते.

हे का एवढं महत्त्वाचं, ते २०१८ च्या एका निकालातून कळतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी मूळ मालकाने विकली होती, ती पुढे अनेक हातांतून गेली, पण आरसीवर नाव त्याचंच राहिलं. मग अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईच्या दृष्टीने मालक तोच. तुम्ही नवीन घेताना जुनी गाडी त्याच डीलरला एक्स्चेंजमध्ये देत असाल, तर त्या मूळ मालकाच्या जागी उद्या तुम्ही असू शकता. तेव्हा २९-क ची पोच तुमच्या जुन्या गाडीसाठीही हातात घ्या.

आता गाडीकडे वळू. इथे एक पद्धत सांगतो. गाडीला हात लावण्याआधी डीलरला बोलू द्यावं आणि तो जे म्हणेल ते त्याच्यादेखत कागदावर उतरवून घ्यावं. उदाहरणादाखल एक गाडी धरू: जून २०१८ मध्ये नोंदलेली, एमएच-४७ पाटीची पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून सीएनजी किट बसवलेली, किंमत ४ लाख ६० हजार. डीलर म्हणतो, ‘सिंगल ओनर आहे साहेब, बेचाळीस हजार चाललीय, एकही टच नाही, पाण्यात गेलेली नाही, पेपर क्लिअर. गाडी एकदम मक्खन.’ मक्खन सोडून बाकी पाच वाक्यं लिहून घ्यायची. दुसरी कुठलीही तपासणी याच्यानंतर.

पहिला कागद मागायचा तो विम्याचा. आरसीकडे सगळेच बघतात. विम्याची पॉलिसी मात्र किती तारखेपर्यंत आहे एवढंच पाहून लोक परत देतात, आणि तिच्यात जे लिहिलेलं असतं ते वाया जातं. तिच्यात ‘नो क्लेम बोनस’ची एक ओळ असते. मालकाने एक वर्ष दावा केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट, मग क्रमाने २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं सलग दावा नसेल तर ५० टक्के. दावा केला की सूट बहुधा शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढते. आपल्या उदाहरणातली गाडी सात वर्षांहून जुनी, मालक एकच. दावा कधीच झाला नसेल तर पॉलिसीवर ५० टक्के दिसायला हवेत. तिथे २० टक्के दिसले, तर साधा हिशेब असा: मागचं एक वर्ष दाव्याविना गेलं, त्याच्या आधीच्या वर्षी काहीतरी झालं.

काहीतरी म्हणजे अपघातच असं नाही. विमा तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ तुटला तरी बोनस जातो. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे मालकाने तो आपल्या दुसऱ्या गाडीकडे नेलेला असू शकतो. उलट ‘बोनस संरक्षण’ घेतलेलं असेल तर दावा होऊनही सूट टिकलेली असते. म्हणून या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, प्रश्न काढावा: ‘एकही टच नाही म्हणालात, मग बोनस वीसच टक्के का?’

या प्रश्नाला साधारण तीन तऱ्हेची उत्तरं येतात. एक: ‘हो, दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला रिक्षा लागली होती, फेंडर आणि दार बदललं, बिल मागवून देतो.’ दुसरं: ‘मला माहीत नाही, मालकाला विचारून उद्या सांगतो.’ तिसरं: ‘ते विमावाले असंच काहीही लिहितात.’ पहिला डीलर प्रामाणिक आहे, फक्त त्याने हे आधी सांगायला हवं होतं. दुसऱ्याला उद्यापर्यंत वेळ द्यावा, कारण दाव्याची माहिती विमा कंपनी मालकालाच देते आणि डीलरला ती खरंच ठाऊक नसू शकते. तिसऱ्याच्या दुकानातून चहा न घेता निघावं.

दुसरी गोष्ट किलोमीटरची. मीटर मागे फिरवणं हा या धंद्यातला जुना रोग आहे आणि डिजिटल मीटर आल्याने तो बरा झालेला नाही, उलट लॅपटॉप जोडून काम चटकन होतं. बेचाळीस हजार हा आकडा तपासायचा तर आधी नुसता विचार करून बघा. सात वर्षांत बेचाळीस हजार म्हणजे वर्षाला सहा हजार, महिन्याला पाचशे. एवढं कमी चालवणारा माणूस खर्च करून सीएनजी किट कशाला बसवेल? बसवेलही, पण मग ते समजून घ्यायला हवं. त्यानंतर टायर बघा. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे एका लांबट चौकटीत असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२२ म्हणजे २०२२ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर २०२२ चे आणि डिकीतली स्टेपनी २०१८ ची असेल, तर पहिले चार टायर चार वर्षांत संपले. साधारण वापरात टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातात. म्हणजे २०२२ मध्येच गाडी चाळीसच्या आसपास असणार, आणि आज ती बेचाळीसवर उभी आहे असं आपल्याला सांगितलं जातंय.

हाही पुरावा नाही, संशयच. खात्री होते ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदींवरून, कारण तिथे प्रत्येक खेपेला मीटरचा आकडा लिहिला जातो. ती हिस्ट्री मालकाच्या मदतीने डीलरला मिळवता येते. ‘कंपनीत सर्व्हिस होत नव्हती, बाहेर करायचे’ हे उत्तर खरंही असू शकतं. मग लिहून घेण्याचं वाक्य बदलतं: ‘मीटरवर ४२ हजार दिसतात, खरे किती चालले याची हमी नाही.’ असं लिहून देणारा डीलर मला ‘गॅरंटी आहे साहेब’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. त्या हिशेबाने भाव मात्र उतरायला हवा.

तिसरी गोष्ट अपघाताची. मुंबईच्या गर्दीत सात वर्षं चाललेल्या गाडीला ओरखडा नाही, हेच मुळात पटण्यासारखं नाही. बंपर, फेंडर, दार, बॉनेट हे भाग बोल्टने बसवलेले असतात. ते बदलले, रंगवले यात गैर काही नाही. पण आतला एप्रन, दारांमधले खांब, पुढच्या चासीचे दांडे हे वेल्डिंगने जोडलेले असतात, आणि धडकेचा भार तेच घेतात. तिथे हात लागला असेल तर ती वेगळी गाडी आणि वेगळा भाव. मेकॅनिककडे रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र असतं. कारखान्यातला रंग पत्र्यावर साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. दोनशेच्या पुढे गेला की पुन्हा रंग मारलाय, आणि पाचशे-हजार दाखवलं की खाली पुटी भरलीय असं समजावं. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही, एवढं ध्यानात ठेवावं. यंत्र नसेल तर दाराच्या चौकटीचं रबर एका बाजूने सोडवून आतले वेल्डिंगचे ठिपके बघावेत. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे असतात, हाताने मारलेले तसे नसतात. रबर ओढायला डीलर तयार होतो की नाही, हाही तपासणीचाच भाग धरावा.

पाण्यात गेलेल्या गाडीबद्दल मिरा-भाईंदरमध्ये वेगळं सांगायला नको. खाडी आणि मिठागरांच्या मधली सखल जमीन, प्रत्येक मोठ्या पावसात सोसायट्यांच्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पाणी. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला त्यांना पाणी गाडीत कुठवर चढतं हे माहीत आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते, पैसे देऊन मोकळी होते, आणि सांगाडा भंगार म्हणून विकला जातो. तो कोणी दुरुस्त करून पुन्हा उभा केला तर बाहेरून काहीच कळत नाही. पॉलिश चिखल लपवतं, पण सगळीकडे कोणाचा हात पोचत नाही. सीट पुढेमागे सरकते त्या पट्टीचे बोल्ट गंजलेले आहेत का, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर आतल्या टोकाला पाण्याची रेघ दिसते का, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बारीक गाळ आहे का, पायाखालचं कार्पेट उचलल्यावर आतला फोम कुबट वास सोडतो का. सात वर्षांच्या गाडीत बोल्टवर थोडा गंज असतोच, समुद्राजवळच्या शहरात तर हमखास. फक्त खालच्या पट्ट्यात, एका ठराविक उंचीपर्यंतच सगळं गंजलेलं असेल तर गोष्ट वेगळी. अशा गाडीचा खरा त्रास विजेच्या जोडण्यांमधून सुरू होतो आणि तो घेतल्यानंतर काही महिन्यांनी उगवतो, तोवर डीलरला फोन लागत नाही.

सीएनजीबद्दल थोडक्यात: किट आरसीवर नोंदलेलं असलं पाहिजे, विम्यातही दाखवलेलं असलं पाहिजे, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली असली पाहिजे. तिन्हीपैकी एक जरी कागद नसला तर ‘पेपर क्लिअर’ हे वाक्य तिथेच खोटं ठरतं.

गाडी चालवून बघायची ती इंजिन थंड असताना. म्हणून सकाळी दुकान उघडताना जावं आणि आधी बॉनेटला हात लावून बघावा. ते गरम असेल तर कोणीतरी आपल्यासाठी इंजिन आधीच सुरू करून ठेवलंय, कारण थंड इंजिनाची खरखर आणि पहिला धूर गरम झाल्यावर लपतो. मग दुकानाभोवतीच्या गल्लीतली चक्कर पुरेशी मानू नये. काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढापर्यंत न्यावी. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच संपत आलाय. ‘एवढ्या लांब नाही सोडत’ म्हणणाऱ्या डीलरला सोबत बसायला सांगावं.

आता कागद. आरसी हातात घेऊन परिवहन खात्याच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकावा. मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि नोंदणी कधीपर्यंत, गाडी काळ्या यादीत आहे का, हे तिथे दिसतं. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, पण पहिली अक्षरं आरसीशी जुळतात का ते बघता येतं. आधी टॅक्सी म्हणून चालून मग खासगी केलेली गाडीही याच टप्प्यावर विचारून घ्यावी. अशा गाडीची मूळ नोंद ‘मोटर कॅब’ असते. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली असल्याने तिला उच्च सुरक्षा पाटी बसलीय का, हेही पाहावं. नसेल तर आरटीओत पुढचं काम अडतं.

थकलेली चलानं वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर दिसतात. ती फेडणार कोण, हे डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ घालून लिहावं. दुपारी चार वाजता गाडी ताब्यात घेतली आणि त्याच दिवशी सकाळी अकराला दहिसर टोलच्या पुढे कॅमेऱ्याने वेगाचं चलान काढलं असेल, तर ते कोणाचं हे वेळेवरूनच ठरतं.

नाव-बदलासाठी नमुना २९ आणि नमुना ३० लागतात. या बाजारात सर्वात जास्त चालणारी वाईट सवय म्हणजे मालकाने दोन्हीवर सह्या करून ते कोरेच डीलरकडे ठेवणं. खरेदीदाराचं नाव, तारीख, किंमत सगळं रिकामं. गाडी दोन-तीन दुकानं फिरते, फॉर्म तेच. असे फॉर्म समोर आले तर आपल्यासमोर भरून घ्यावेत आणि मालकाशी निदान फोनवर बोलावं. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी. गुजरातची गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इथे नवीन नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर, एवढं सगळं स्वस्त भावात धरून मग ती स्वस्त आहे का ते ठरवावं.

विम्याचं पुन्हा एकदा. गाडी नावावर झाली की तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा आपोआप तुमच्याकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग येत नाही. चौदा दिवसांत कंपनीला कळवून तो नावावर करून घ्यावा लागतो, आणि जुन्या मालकाच्या बोनसची सूट भरून द्यावी लागते. ‘इन्शुरन्स फ्री मिळतोय’ हे वाक्य या रकमेसकट ऐकावं.

बिलात जीएसटी कसा लावला तेही वाचण्यासारखं असतं. जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ च्या जैसलमेर बैठकीनंतर जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर ठरला, पण तो डीलरच्या फरकावर, म्हणजे विक्री किंमत वजा खरेदी किंमत यावर. आपली गाडी डीलरने चार लाखांना घेतली असेल तर फरक साठ हजार आणि कर १०,८००. कोणी पूर्ण ४ लाख ६० हजारांवर १८ टक्के लावून ८२,८०० मागितले, तर तो एकतर नियम जाणत नाही किंवा तुम्ही जाणत नाही असं समजतोय.

आता राहिला दबाव. दबावाची वाक्यं सगळ्या दुकानांत तीच. ‘दुपारी दुसरी पार्टी येतेय.’ ‘हा भाव फक्त आजचा, महिनाअखेर आहे.’ ‘हजार-दोन हजार टोकन टाका, बाकी सावकाश बघू.’ कधीकधी दुसरी पार्टी खरीच असते. बरी गाडी बाजारात थांबत नाही, आणि डीलरने तसं सांगणं यात गुन्हा नाही. तपासायचं ते पुढच्या वाक्यावर. ‘उद्या सकाळी मेकॅनिक घेऊन येतो’ म्हटल्यावर चांगला डीलर म्हणतो, ‘या, पण तोवर पार्टी आली तर मी थांबवणार नाही.’ दुसरा म्हणतो, ‘मेकॅनिक काय सांगणार, आमचा माणूस बघून देतो ना!’ पहिल्याने गाडी गमावण्याचा धोका तुमच्यापुढे ठेवला आणि निर्णय तुमच्यावर सोडला. दुसऱ्याला तुम्ही गाडी नीट बघायलाच नको आहे.

टोकन देण्याचं ठरलंच तर ते पावतीशिवाय देऊ नये. पावतीवर गाडीचा नंबर, चासी नंबरचे शेवटचे आकडे, ठरलेली एकूण किंमत आणि तिच्यात नाव-बदल, विमा, आरटीओ खर्च धरलाय की नाही, एवढं हवं. शिवाय एक ओळ: ‘मेकॅनिकच्या तपासणीत वर सांगितल्यापेक्षा वेगळं काही निघालं, किंवा कागद अपुरे असले, तर टोकन अमुक तारखेपर्यंत परत.’ सुरुवातीला लिहून घेतलेली पाच वाक्यं याच पावतीच्या पाठीवर उतरवून खाली डीलरची सही मागावी. पैसे दुकानाच्या खात्यात जावेत, कोणाच्या खासगी मोबाइल नंबरवर नव्हे. या क्षणी बहुतेक डीलरांची परीक्षा होते. तासभर गोड बोललेला माणूस ‘एवढा विश्वास नाही का साहेब?’ म्हणतो, किंवा पाचातली तीन वाक्यं लिहायला तयार होतो आणि दोन टाळतो. जी दोन टाळली, नेमकी तीच पुन्हा तपासावीत.

कर्ज डीलरच्या मार्फत घेत असाल तर महिन्याचा हप्ता विचारू नका, एकूण किती रक्कम फेडायची ते विचारा. ‘फाइल चार्ज’, ‘आरटीओ खर्च’, विम्याच्या वरचे छोटे कवच, हे सगळं हप्त्यात मिसळलं की दिसत नाही. डीलर घाई करायला लावतो ती खरी जागा हीच असते.

डीलरबद्दल शेजाऱ्याला, भावाला किंवा ऑफिसातल्या माणसाला मत सांगायचं तर गाडी घरी आल्याच्या दिवशी सांगू नये. आरसी आपल्या नावावर होऊन हातात येईपर्यंत थांबावं, कारण पूर्ण पैसे मिळाल्यावर डीलर कसा वागतो हे त्याच मधल्या काळात कळतं. त्यासाठी नाव-बदल होईपर्यंत दहा-पंधरा हजार राखून ठेवण्याची अट आधीच लिहून घ्यावी. अनेक डीलर ती मान्य करतात. मत देताना डीलरला माहीत नसलेली गोष्ट आणि त्याने लपवलेली गोष्ट वेगळी ठेवावी. तीन महिन्यांनी बॅटरी बसली, यात डीलरची चूक नाही. बोनस वीस टक्के का, हे विचारल्यावर तो खोटं बोलला असेल तर ती त्याची चूक आहे, गाडी चांगली निघाली तरीही.

आणि फसवणूक झालीच तर पावतीच्या पाठीवरची पाच वाक्यं उपयोगी पडतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे सुटलं नाही तर मिरा-भाईंदरच्या रहिवाशाला, दुकान कुठेही असलं तरी, ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला अर्जाचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.